दोन आधारांवरील फळीचा समतोल

दोन आधारांवरील फळीचा समतोल हा स्थितिशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. दोन आधारांवर नुसती टेकवलेली, कोठेही न बांधलेली एक आडवी फळी आहे. तिची टोके आधारांच्या बाहेर काही अंतर पुढे आलेली आहेत. फळीवरून एक व्यक्ती एका टोकाकडे चालत जाते. अशा वेळी प्रत्येक आधारावर किती भार येतो, व्यक्ती पुढे सरकेल तसा तो कसा बदलतो आणि कोणत्या ठिकाणी पोहोचल्यावर फळी उलटते, या तीन गोष्टी या प्रश्नात शोधायच्या असतात. शालेय आणि महाविद्यालयीन भौतिकशास्त्रात तरफेच्या नियमाचे उदाहरण म्हणून हा प्रश्न येतो. बांधकामावर मात्र तो रोजचा आहे. गिलावा किंवा रंगकाम करताना दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून जी साधी परांची उभी केली जाते, तिची सुरक्षितता याच गणितावर अवलंबून असते.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे सांगता येते : व्यक्ती ज्या टोकाकडे जात आहे त्याच्या विरुद्ध बाजूच्या आधारावरील भार शून्य होतो, तो क्षण उलटण्याचा असतो. हा क्षण व्यक्तीने जवळचा आधार ओलांडताच येत नाही, तर त्यापुढे काही अंतर गेल्यावर येतो. ते अंतर फळीचे वजन, व्यक्तीचे वजन आणि फळीच्या गुरुत्वमध्याचे आधारापासूनचे अंतर यांवरून आधीच काढता येते.

## मांडणी आणि संज्ञा

फळीच्या डावीकडील आधारास ‘अ’ आणि उजवीकडील आधारास ‘ब’ म्हणू. व्यक्ती अ कडून ब कडे व तेथून उजव्या टोकाकडे चालते. फळीचे वजन w आणि व्यक्तीचे वजन W मानू. फळी सर्वत्र सारख्या जाडीची व एकाच लाकडाची असेल, तर तिचे सर्व वजन तिच्या मध्यबिंदूतून खाली कार्य करते असे धरता येते. या बिंदूस फळीचा गुरुत्वमध्य म्हणतात.

फळी आधारांना खाली दाबते आणि आधार तेवढ्याच बलाने फळीला वर ढकलतात. आधारांनी फळीवर लावलेल्या या ऊर्ध्वगामी बलांना आधार-प्रतिक्रिया म्हणतात. अ येथील प्रतिक्रिया R₁ आणि ब येथील प्रतिक्रिया R₂ अशी लिहिली आहे. येथे एक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. फळी घोड्यावर नुसती टेकलेली असल्यामुळे घोडा तिला वर ढकलू शकतो, पण खाली खेचून धरू शकत नाही. म्हणून कोणतीही प्रतिक्रिया शून्याहून कमी होऊ शकत नाही. उलटण्याचा सारा प्रश्न या एका मर्यादेतून उद्भवतो.

## समतोलाच्या दोन अटी

फळी स्थिर राहण्यासाठी दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली अट बलांची आहे. वर ढकलणाऱ्या बलांची बेरीज आणि खाली खेचणाऱ्या बलांची बेरीज समान असली पाहिजे :

R₁ + R₂ = W + w

व्यक्ती फळीवर कोठेही उभी असली तरी ही बेरीज बदलत नाही. चालण्यामुळे एकूण भार वाढत किंवा घटत नाही. तो दोन आधारांत वेगळ्या प्रमाणात वाटला जातो, एवढेच.

ही वाटणी कशी होते ते दुसऱ्या अटीवरून कळते. बल आणि त्याच्या कार्यरेषेचे एखाद्या बिंदूपासूनचे लंबांतर यांच्या गुणाकारास त्या बिंदूभोवतीचे परिबल म्हणतात. अभियंत्यांच्या बोलण्यात यालाच मोमेंट म्हणतात. कोणत्याही बिंदूभोवती फळीला एका दिशेने फिरवू पाहणारी परिबले आणि विरुद्ध दिशेने फिरवू पाहणारी परिबले समान असली पाहिजेत. गणितात सोयीचा बिंदू निवडण्याची मुभा असते. एखाद्या आधाराचाच बिंदू निवडला, तर त्या आधाराच्या प्रतिक्रियेचे लंबांतर शून्य होते आणि समीकरणात एकच अज्ञात राशी उरते.

तरफेचा हा नियम इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने समतलांच्या समतोलावरील आपल्या ग्रंथात सिद्ध केला. दोन वजने टेकूपासून त्यांच्या व्यस्त प्रमाणातील अंतरांवर ठेवली असता तोलून राहतात, असे त्याने दाखवले. उलटण्याच्या क्षणी फळी अशीच एक तरफ झालेली असते.

## उदाहरण : गिलाव्याची फळी

समजा, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी येथे एका एकमजली घराच्या भिंतीला गिलावा करण्याचे काम चालू आहे. दोन लाकडी घोड्यांवर ३.६ मीटर लांबीची फळी ठेवली आहे. ती सुमारे २२ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड असून तिचे वस्तुमान २० किलोग्रॅम आहे. घोड्यांमधील अंतर २.४ मीटर असून फळीचे प्रत्येक टोक घोड्याबाहेर ६० सेंटिमीटर आले आहे. फळीवर उभ्या असलेल्या गवंड्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून १ किलोग्रॅमचे वजन १० न्यूटन मानले, तर फळीचे वजन २०० न्यूटन आणि गवंड्याचे वजन ६०० न्यूटन होते. एकूण भार ८०० न्यूटन आहे.

गवंडी अ या घोड्यापासून x मीटर अंतरावर उभा आहे असे मानू. अ भोवती परिबले घेतली असता फळीचे वजन १.२ मीटरवर आणि गवंड्याचे वजन x मीटरवर खाली कार्य करते, तर R₂ ही प्रतिक्रिया २.४ मीटरवर वर ढकलते. म्हणून

२.४ × R₂ = २०० × १.२ + ६०० × x

यावरून R₂ = १०० + २५०x आणि एकूण भारातून ती वजा केल्यास R₁ = ७०० − २५०x मिळते.

या दोन समीकरणांचा अर्थ सरळ आहे. गवंडी एक मीटर पुढे गेला की अ वरील २५० न्यूटन भार कमी होऊन तेवढाच ब वर वाढतो. त्याचे एक पाऊल ४० सेंटिमीटरचे धरले, तर प्रत्येक पावलागणिक १०० न्यूटन भार एका घोड्यावरून दुसऱ्यावर जातो.

| गवंड्याचे अ पासूनचे अंतर | अ वरील प्रतिक्रिया | ब वरील प्रतिक्रिया |
|---|---|---|
| ० मीटर (अ च्या वर) | ७०० न्यूटन | १०० न्यूटन |
| १.२ मीटर (मध्यावर) | ४०० न्यूटन | ४०० न्यूटन |
| २.४ मीटर (ब च्या वर) | १०० न्यूटन | ७०० न्यूटन |
| २.८ मीटर (ब च्या पुढे ४० सेंटिमीटर) | ० | ८०० न्यूटन |

तक्त्यातील तिसरी ओळ विशेष लक्ष देण्याजोगी आहे. गवंडी बरोबर ब च्या वर उभा असतानाही अ वर १०० न्यूटन भार शिल्लक आहे. हा भार फळीच्या स्वतःच्या वजनाचा अर्धा भाग आहे. फळीला वजनच नसते, तर ब ओलांडताच ती उलटली असती. प्रत्यक्षात फळीचे वजन गवंड्याला आणखी ४० सेंटिमीटर, म्हणजे एक पाऊल पुढे जाऊ देते. सातवे पाऊल त्याला नेमके उलटण्याच्या बिंदूवर नेते. त्याच्यापुढे अजून २० सेंटिमीटर फळी शिल्लक असते. पण ती उभे राहण्यासाठी निरुपयोगी आहे.

## उलटण्याचा बिंदू

उलटण्याच्या क्षणी R₁ शून्य असल्यामुळे फळी केवळ ब वर तोललेली असते. ब च्या एका बाजूला फळीचे वजन असते आणि दुसऱ्या बाजूला व्यक्तीचे. ब पासून फळीच्या गुरुत्वमध्याचे अंतर c आणि व्यक्तीचे अंतर d मानल्यास

W × d = w × c, म्हणजेच d = (w × c) ÷ W

वरील उदाहरणात २०० × १.२ ÷ ६०० = ०.४ मीटर हे उत्तर याच सूत्राने थेट मिळते. प्रतिक्रिया न काढताही उलटण्याचा बिंदू सापडतो, हे या सूत्राचे वैशिष्ट्य आहे.

व्यक्ती या बिंदूच्या पुढे गेली, तर समीकरणातून R₁ चे मूल्य ऋण येते. ब पासून ५० सेंटिमीटरवर, म्हणजे x = २.९ घेतल्यास R₁ = −२५ न्यूटन मिळते. समतोल टिकवायचा तर अ या घोड्याने फळीला २५ न्यूटन बलाने खाली खेचावे लागेल, असा त्याचा अर्थ आहे. टेकवलेल्या फळीच्या बाबतीत ते शक्य नसते. म्हणून उत्तर ऋण आले की ते चुकले असे न समजता फळी उलटली असे समजावे.

उलटू लागलेली फळी आपोआप सावरत नाही. ती कलली की ब पासूनची दोन्ही वजनांची आडवी अंतरे जवळजवळ एकाच प्रमाणात कमी होतात. त्यामुळे व्यक्तीच्या वजनाचे अधिक भरलेले परिबल अधिकच राहते. शिवाय उताराकडे तोल जाऊन व्यक्ती टोकाकडे ढकलली जाते आणि d वाढते. मोकळे झालेले मागचे टोक वर उसळते आणि फळी घोड्यावरून घसरते.

## टोक किती बाहेर ठेवावे

फळीवर चालणाऱ्याला सूत्र आठवण्याची वेळ येऊ नये, यासाठी व्यक्ती अगदी टोकावर उभी राहिली तरी फळी उलटणार नाही अशी मांडणी करणे हा योग्य मार्ग आहे. दोन्ही टोके सारखीच बाहेर आली असतील, फळीची लांबी L असेल आणि बाहेर आलेल्या टोकाची लांबी a असेल, तर यासाठीची अट अशी आहे :

a = (w × L) ÷ (२ × (W + w)) किंवा याहून कमी

उदाहरणातील फळीसाठी २०० × ३.६ ÷ १६०० = ०.४५ मीटर ही सीमा येते. ६० सेंटिमीटर टोक तिच्या बाहेर आहे. घोडे थोडे दूर सारून टोक ३० सेंटिमीटरवर आणले, तर घोड्यांमधील अंतर ३ मीटर होते आणि उलटण्याचा बिंदू ब च्या पुढे ५० सेंटिमीटरवर जातो. तेथे फळीच नसल्यामुळे ६० किलोग्रॅमचा गवंडी टोकावर उभा राहूनही ती उलटवू शकत नाही.

मग कामावर टोके लांब का सोडली जातात, याचे कारण फळीच्या झोलात आहे. मध्यावर उभ्या असलेल्या व्यक्तीमुळे फळी किती वाकते हे आधारांमधील अंतराच्या घनावर अवलंबून असते. अंतर २.४ मीटरवरून ३ मीटर केले, की तोच माणूस त्याच फळीच्या मध्यावर उभा असताना झोल जवळजवळ दुप्पट होतो. लवणारी फळी पायाखाली असुरक्षित वाटते. म्हणून काम करणारे घोडे एकमेकांच्या जवळ घेतात. त्यामुळे झोल कमी होतो, पण टोके लांबतात आणि उलटण्याचा धोका वाढतो. जी मांडणी मध्यावर उभे राहून अधिक पक्की वाटते, ती टोकाकडे अधिक धोक्याची असते. झोल कमी करण्याचे निर्धोक मार्ग दोन आहेत : जाड फळी वापरणे किंवा मध्ये तिसरा घोडा लावणे.

दुसरे कारण भिंतीच्या कोपऱ्याचे आहे. कोपऱ्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून घोडे न हलवता केवळ फळी पुढे सरकवली जाते. उदाहरणातील फळी २० सेंटिमीटर उजवीकडे सरकवली, तर उजवे टोक ८० सेंटिमीटर बाहेर येते. त्याच वेळी तिचा गुरुत्वमध्यही ब च्या जवळ येऊन c हे अंतर १.२ वरून १ मीटर होते. उलटण्याचा बिंदू ४० वरून ३३ सेंटिमीटरवर येतो. चालण्यास फळी अधिक मिळाली असे दिसते, पण सुरक्षित भाग उलट कमी झालेला असतो.

## हलकी फळी आणि जड माणूस

d = (w × c) ÷ W या सूत्रात फळीचे वजन अंशस्थानी आणि व्यक्तीचे वजन छेदस्थानी आहे. जड फळी उचलण्यास त्रासाची असली तरी उलटण्याच्या दृष्टीने ती सुरक्षित असते. उदाहरणातील मांडणी तशीच ठेवून १० किलोग्रॅमची हलकी फळी वापरली, तर उलटण्याचा बिंदू ब च्या पुढे केवळ २० सेंटिमीटरवर येतो. तशा फळीचे टोक जास्तीत जास्त सुमारे २५ सेंटिमीटर बाहेर ठेवता येते. फळी मजबूत आहे, म्हणजे ती मोडणार नाही, एवढ्यावरून ती उलटणार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

व्यक्तीच्या वजनात तिच्या हातातील वस्तूंचेही वजन धरावे लागते. मसाल्याने भरलेले २० किलोग्रॅमचे घमेले गवंड्याने उचलले, तर W हे ६०० ऐवजी ८०० न्यूटन होते आणि मूळ मांडणीत उलटण्याचा बिंदू ४० वरून ३० सेंटिमीटरवर येतो. रिकाम्या हाताने जेथे क्षणापूर्वी निर्धोक उभे राहता आले, तेथेच घमेले हाती घेताच फळी उलटू शकते. ते घमेले फळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, अ च्या बाजूला ठेवलेले असेल, तर तेच वजन फळीला धरून ठेवते.

वरील सर्व गणित स्थिर उभ्या असलेल्या व्यक्तीचे आहे. चालताना पाऊल टेकते तेव्हा जमिनीवर पडणारे बल क्षणभर शरीराच्या वजनाहून सुमारे एक-दशांश ते एक-पंचमांश अधिक असते. घाईने चालताना किंवा उडी मारताना ते याहून बरेच वाढते. घमेल्यासह गवंड्याचे ८०० न्यूटन वजन एक-पंचमांशाने वाढवून ९६० न्यूटन धरले, तर सुरक्षित टोकाची सीमा ४५ वरून सुमारे ३१ सेंटिमीटरवर येते. यावरून या फळीसाठी ३० सेंटिमीटर ही मर्यादा का पाळावी, हे स्पष्ट होते.

## दोन व्यक्ती फळीवर असताना

फळीवर दोघे असतील तर उलटण्याचा धोका टोकावरील व्यक्तीच्या हालचालीने नव्हे, तर दुसऱ्याच्या उतरण्यानेही निर्माण होतो. मूळ मांडणीत ६० किलोग्रॅमचा एक कामगार फळीच्या मध्यावर आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा ब च्या पुढे ५० सेंटिमीटरवर उभा आहे असे मानू. ब भोवती फळीला धरून ठेवणारे परिबल २०० × १.२ + ६०० × १.२ = ९६० न्यूटन-मीटर आहे आणि उलटवणारे परिबल ६०० × ०.५ = ३०० न्यूटन-मीटर आहे. फळी भक्कम राहते. अ या घोड्यावर २७५ न्यूटन भार असतो.

आता मध्यावरील कामगार मसाला आणण्यासाठी खाली उतरला, तर धरून ठेवणारे परिबल २४० न्यूटन-मीटर उरते. ते ३०० हून कमी असल्यामुळे फळी उलटते. टोकावरचा माणूस जागचा हललेला नसतो. तो बराच वेळ तेथेच सुखरूप काम करत असल्यामुळे त्याला धोक्याची शंकाही येत नाही. म्हणून फळीची तपासणी करताना तीवर एकच व्यक्ती आहे आणि ती टोकावर आहे, अशी कल्पना करूनच हिशोब करावा.

## धोका ओळखण्याच्या खुणा

उलटण्यापूर्वी फळी फारशी पूर्वसूचना देत नाही. R₁ ४०० न्यूटन असो वा ४ न्यूटन असो, फळी अ वर टेकलेलीच दिसते. तरी काही खुणा पाहता येतात. घोडा आणि फळी यांतील घर्षण प्रतिक्रियेच्या प्रमाणात असते. त्यामुळे R₁ कमी झाला की फळीचे मागचे टोक हाताने सहज आडवे सरकते. अ वर फळीखाली कागदाची पट्टी ठेवली, तर एरवी घट्ट दाबलेली ती पट्टी उलटण्याच्या सुमारास अलगद ओढून काढता येते. पावलागणिक मागचे टोक घोड्यावर खडखड वाजू लागणे, ही त्याहून स्पष्ट खूण आहे. तो आवाज R₁ क्षणोक्षणी शून्यावर जात असल्याचा असतो. या वेळी पुढे जाऊ नये किंवा उडी मारू नये. त्याच फळीवरून सावकाश मागे यावे.

## प्रतिबंध

फळीचे मागचे टोक घोड्याला दोरीने किंवा तारेने बांधले, अथवा खिळ्यांनी ठोकले, तर अ हा आधार फळीला खाली खेचूनही धरू शकतो आणि R₁ ऋण झाला तरी समतोल टिकतो. अर्थात आता खुद्द घोडा उचलला जाणार नाही इतका जड हवा किंवा तोही बांधलेला हवा. अशा बांधलेल्या फळीत ब वरील भार मात्र एकूण वजनाहून अधिक होतो, हे तो घोडा निवडताना लक्षात घ्यावे लागते.

टोक अगदी कमी बाहेर ठेवणेही योग्य नाही, कारण फळी लवली किंवा सरकली की ती आधारावरून निसटू शकते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांत न अडकवलेल्या फळीचे टोक आधाराच्या मध्यरेषेपुढे किमान ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर असावे असे सांगितले आहे. कमाल मर्यादा १० फुटांपर्यंतच्या फळीसाठी १२ इंच आणि त्याहून लांब फळीसाठी १८ इंच अशी आहे. टोक न उलटता माणसांचा भार पेलेल अशी रचना असेल किंवा टोकाकडे जाणेच कठड्याने अडवले असेल, तर या मर्यादेतून सूट मिळते. भारतात परांचीच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३६९६ हे भारतीय मानक असून त्याचा १९८७ सालचा पहिला भाग परांचीविषयी आहे.

लांबीची अशी मर्यादा पाळली तरी हिशोब टळत नाही. १८ इंच म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर. उदाहरणातील ३.६ मीटर लांबीच्या, २० किलोग्रॅमच्या फळीची सीमा रिकाम्या हाताच्या ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसासाठीच ४५ सेंटिमीटर आहे. हलक्या फळीसाठी केवळ लांबीचा नियम पुरेसा ठरत नाही.

## बैलगाडीचे उलाळणे

ग्रामीण महाराष्ट्रात याच तत्त्वाचा परिचय बैलगाडीवरून होतो. दोन चाकांच्या गाडीला दोन आधार असतात : एक चाकांचा आस आणि दुसरा बैलांच्या मानेवरील जू. गाडीच्या मागच्या भागात ओझे अधिक झाले की जुवावरील भार कमी होत जातो आणि अखेर गाडी पुढून वर उचलली जाते. याला गाडी उलाळणे म्हणतात. आस हा येथे ब आधार आणि जू हा अ आधार आहे. फरक इतकाच की जू बैलांच्या गळ्याशी पट्ट्यांनी बांधलेले असते. त्यामुळे R₁ ऋण झाला की ते वर उचलले जाऊन गळ्याला फास बसतो. ऊस किंवा कडबा भरताना ओझे आसाच्या किंचित पुढे भारी ठेवले जाते, ते जुवावर थोडा भार कायम राहावा म्हणून.

## वर्गात करता येणारा प्रयोग

३० सेंटिमीटरची पट्टी दोन षट्‌कोनी पेन्सिलींवर अशी ठेवावी, की पेन्सिली १० आणि २० सेंटिमीटरच्या खुणांखाली येतील. पट्टीचा गुरुत्वमध्य १५ च्या खुणेवर म्हणजे उजव्या पेन्सिलीपासून ५ सेंटिमीटरवर असतो. पट्टीच्या वजनाइतक्या वजनाची नाण्यांची चवड उजवीकडे हळूहळू सरकवली, तर ती २५ च्या खुणेपाशी पोहोचताच पट्टी उलटते. चवडीचे वजन दुप्पट केल्यास पट्टी २२.५ च्या खुणेपाशीच उलटते. पेन्सिलींऐवजी स्वयंपाकघरातील दोन लहान वजनकाट्यांवर पट्टी ठेवली, तर नाणी सरकवताना एका काट्यावरील आकडा जितका कमी होतो तितकाच दुसऱ्यावरील वाढतो, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज स्थिर राहते, हेही दिसते.

## गणिताच्या मर्यादा

वरील मांडणीत प्रत्येक आधार एका बिंदूत टेकतो असे मानले आहे. खऱ्या घोड्याची वरची पट्टी काही सेंटिमीटर रुंद असते आणि फळी तिच्या बाहेरील कडेभोवती उलटते. त्यामुळे प्रत्यक्ष उलटण्याचा बिंदू मध्यरेषेवरून काढलेल्या बिंदूच्या किंचित पुढे असतो, आणि मध्यरेषेवरून केलेला हिशोब सुरक्षिततेच्या बाजूने राहतो. फळीच्या वाकण्याने प्रतिक्रियांची वाटणी बदलत नाही, कारण आधार दोनच असल्यामुळे ती समतोलाच्या दोन अटींवरूनच पूर्णपणे ठरते. तिसरा घोडा मध्ये लावल्यास मात्र हे खरे राहत नाही. तेव्हा फळीचा ताठरपणाही विचारात घ्यावा लागतो. फळी आडव्या दिशेने, म्हणजे तिच्या रुंदीच्या कडेवर पाय पडून कलंडणे, घोड्याचे पाय जमिनीत रुतणे किंवा लाकूड मोडणे हे धोके या गणितात येत नाहीत. ते स्वतंत्रपणे तपासावे लागतात.